प्रमाणपत्रात बारा हप्ते, पासबुकात अकरा

गृहकर्जाच्या व्याज-मुद्दल प्रमाणपत्रावर सगळ्यात आधी 'प्रोव्हिजनल' हा शब्द शोधावा. जानेवारीत ऑफिसला द्यायला आपण जो कागद घेतो तो तात्पुरता असतो. मार्चपर्यंतचे सगळे हप्ते वेळेवर भरले जातील, असं धरूनच बँकेने त्यातले आकडे काढलेले असतात. विवरणपत्र भरताना तोच कागद पुढे केला जातो आणि चूक तिथेच होते.

समजा, 1 एप्रिलला 30 लाखांचं कर्ज घेतलं. दर साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं, दर महिनाअखेरीला 26,035 रुपयांचा हप्ता. तात्पुरत्या प्रमाणपत्रात व्याज 2,52,709 आणि मुद्दल 59,711 रुपये दिसतं. बेरीज 3,12,420, म्हणजे बरोबर बारा हप्ते. आता बचत खात्याचा उतारा काढून हप्त्याच्या नोंदींवर खूण करत जा. इथे अकराच सापडतात, एकूण 2,86,385 रुपये. फरक नेमका एका हप्त्याचा आहे. असा फरक दिसला की न वटलेला हप्ता शोधायचा. मार्चअखेर खात्यात पैसे कमी होते. रक्कम वजा होऊन त्याच दिवशी परत जमा झाली आणि खाली दंडाची वेगळी नोंद पडली. हप्ता भरला गेला तो 4 एप्रिलला. नुसत्या वजा नोंदी मोजणाऱ्याला इथे बाराच दिसतील, म्हणून जमेची बाजूही पाहायला हवी. दंडाची रक्कम व्याजातही धरायची नाही आणि मुद्दलातही नाही.

मग सवलत किती? जुन्या करप्रणालीत कलम 80सी खाली मुद्दल प्रत्यक्ष भरलेलंच चालतं. मार्चच्या हप्त्यातलं मुद्दल 5,171 रुपये होतं. ते वजा करून यंदा 54,540 रुपयेच धरता येतात. व्याजाचा नियम वेगळा आहे. कलम 24 मध्ये त्या वर्षाचं देय झालेलं व्याज मोजतात, मग ते हातातून उशिरा का जाईना. त्यामुळे मार्चचं व्याज याच वर्षाचं. अर्थात स्वतः राहत्या घराला मर्यादा 2 लाखांची असल्याने वरचे 52,709 रुपये तसेही उपयोगी पडत नाहीत. नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी या दोन्ही सवलती मिळत नाहीत.

बचत खात्याच्या उताऱ्यात हप्ता एकरकमी दिसतो. त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, हे तिथे कळत नाही. ते कर्ज खात्याच्या उताऱ्यात असतं. मध्येच व्याजदर बदलला असेल किंवा बोनसमधून जादा मुद्दल फेडलं असेल, तर जानेवारीच्या कागदातली विभागणीच बदलते. म्हणून एप्रिलनंतर अंतिम प्रमाणपत्र आणि कर्ज खात्याचा उतारा दोन्ही मागून घ्या. एप्रिलमध्ये भरलेलं ते 5,171 रुपयांचं मुद्दल पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात धरायला विसरू नका.