आधीची फेरी संपली का?

अशी एक पतसंस्था डोळ्यांसमोर आणा, जिच्या कर्जदारांना हप्त्याची आठवण एसएमएसने जाते. कार्यालयातल्या लिनक्स सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी जागा होतो, ज्यांना संदेश गेलेला नाही त्यांची यादी काढतो, एकेकाला संदेश पाठवतो आणि त्या नावापुढे ‘पाठवला’ अशी खूण करतो. रोज वीस-पंचवीस संदेश असतात, अर्ध्या मिनिटात काम आटोपतं. वर्षभर कुणाची तक्रार नाही.

मग महिन्याची दहा तारीख येते आणि यादीत नऊशे नावं असतात. सेकंदाला एक संदेश जातो, म्हणजे पंधरा मिनिटांचं काम. पहिली फेरी दहा वाजता सुरू होते. दहा वाजून पाच मिनिटांनी तीनशे लोकांना संदेश गेलेले असतात आणि नेमकी तेव्हाच दुसरी फेरी उठते. तिला सहाशे नावं बिनखुणेची दिसतात, म्हणून तीही त्यांना संदेश पाठवू लागते. पण पहिलीच्या हातात सकाळी काढलेली पूर्ण यादी आहे. ती थांबत नाही. दहा वाजून दहा मिनिटांनी तिसरी फेरी येते आणि उरलेले तीनशे आपल्या अंगावर घेते. सव्वादहाला सगळं शांत होतं. पहिल्या तीनशेंना एक संदेश, मधल्या तीनशेंना दोन आणि शेवटच्या तीनशेंना तीन. नऊशे माणसांना अठराशे संदेश! दुखणं ओळखण्याची खूण याच वाटणीत आहे. यादीच्या शेपटाकडून तक्रारी जास्त येऊ लागल्या, तर एसएमएस कंपनीला फोन करण्याआधी आपल्या फेऱ्या एकमेकींवर चढल्या का ते पाहावं.

हे घडू देणाऱ्या व्यवस्थेचं नाव क्रॉन. ठरल्या वेळी ठरलेली आज्ञा सोडायची, एवढंच तिचं काम. आज लिनक्सवर सर्रास दिसणाऱ्या क्रॉनचं मूळ पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या आवृत्तीत आहे, आणि आधी सोडलेलं काम संपलं की नाही याची चौकशी हा क्रॉन करत नाही. शाळेचा शिपाई तासाची घंटा देतो. मागच्या तासाची कविता शिकवून झाली का, हे तो वर्गात डोकावून पाहत नाही. ती चौकशी कामानंच करायची असते.

पहिला उपाय कुणालाही सुचेल असा आहे. काम सुरू करताना एक रिकामी फाइल बनवायची, संपलं की पुसायची. फाइल दिसली तर नव्या फेरीनं मुकाट्यानं परत जायचं. हीच लॉक फाइल.

```
if [ -e sms.lock ]; then exit; fi
touch sms.lock
./sms.sh
rm sms.lock
```

चाळीतल्या सामाईक न्हाणीघराच्या दारावर टॉवेल टाकून आत जावं, तशी ही पद्धत आहे. टॉवेल दिसला की बाहेरचा समजतो. अडचण तेव्हा येते, जेव्हा आतला माणूस टॉवेल तिथेच विसरून निघून जातो. काम अर्ध्यावर असताना वीज गेली किंवा कुणी प्रोसेस मारून टाकली, तर शेवटची `rm` ची ओळ कधी चालतच नाही. फाइल तशीच राहते. पुढची प्रत्येक फेरी तिच्याकडे पाहून परत जाते आणि संदेश पूर्ण बंद पडतात. दोनदा जाण्याची तक्रार लगेच येते. अजिबात न जाण्याची तक्रार मात्र कुणी करत नाही, हे यातलं खरं दुखणं.

यावर काही जण फाइलमध्ये प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवतात आणि त्या क्रमांकाची प्रोसेस जिवंत आहे का ते तपासतात. पण हे क्रमांक पुन्हा वापरले जातात. मेलेल्या फेरीचा क्रमांक भलत्याच प्रोसेसला मिळाला, की तपासणी फसते.

दुसरी फट अधिक बारीक आहे. फाइल आहे का हे पाहणं आणि ती बनवणं, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दोन फेऱ्यांनी एकाच क्षणी पाहिलं, तर दोघींनाही दार मोकळं दिसतं. पाच मिनिटांच्या अंतरानं उठणाऱ्या फेऱ्यांत असं कसं होईल, असं वाटेल. पण सर्व्हर बदलताना तीच ओळ चुकून दोन खात्यांच्या क्रॉनटॅबमध्ये राहते आणि मग दोन्ही फेऱ्या एकाच सेकंदाला सुटतात.

दोन्ही फटी बुजवणारा उपाय बहुतेक लिनक्स यंत्रांवर आधीपासून असतो. त्याचं नाव `flock`.

```
*/5 * * * * flock -n /home/sanstha/sms.lock timeout 20m /home/sanstha/sms.sh
```

इथेही फाइल आहे, पण ती असणं-नसणं महत्त्वाचं नाही. `flock` ती उघडतो आणि कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, तिच्यावर कुलूप मागतो. तपासणं आणि लावणं ही एकच कृती असल्यामुळे दोघांना एकदम कुलूप मिळत नाही. `-n` चा अर्थ, कुलूप मिळालं नाही तर वाट न पाहता परत जा. तो लिहायचा विसरला तर फेऱ्या एकमेकींच्या मागे रांग लावून उभ्या राहतात. हा टॉवेल नव्हे, आतली कडी आहे; आणि आतला माणूस गेला, मग तो कसाही जावो, कर्नेल ती स्वतः काढतो. वीज गेली तर कुलूपही गेलं.

`timeout 20m` अडकलेल्या फेरीसाठी आहे. एसएमएस कंपनीचा सर्व्हर उत्तरच देईना आणि प्रोग्राम तासन्‌तास ताटकळत राहिला, तर कडी त्याच्याच हातात राहते. वीस मिनिटांनी त्याला बाहेर काढलेलं बरं. मात्र प्रोग्रामनं मागे एखादी वेगळी प्रोसेस चालू ठेवली असेल, तर उघडी फाइल तिच्याकडे वारशानं जाते आणि ती जिवंत असेपर्यंत कुलूपही सुटत नाही. `lslocks` ही आज्ञा कुलूप कुणाकडे आहे ते दाखवते.

सगळ्यात वाईट चूक मात्र स्वच्छतेच्या हौसेतून होते. काम संपल्यावरही `sms.lock` जागेवरच राहते आणि कुणीतरी ती शिळी समजून पुसून टाकतं. आत फेरी चालू असेल तर तिचं कुलूप पुसलेल्या जुन्या फाइलवर राहतं, पुढची फेरी त्याच नावाची नवी फाइल बनवते आणि तिच्यावर निर्धास्त कुलूप लावते. नाव एक, फाइली दोन, फेऱ्याही दोन. ही रिकामी फाइल पुसायची नसते.

कुलूप सगळंच सांभाळत नाही. संदेश गेला आणि खूण करण्याआधी वीज गेली, तर पुढची फेरी एकटी असूनही त्या एका माणसाला पुन्हा संदेश पाठवेल. त्यासाठी प्रत्येक संदेशाला स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर पलीकडच्या कंपनीनं तो नाकारावा, अशी सोय लागते. तेच काम दोन सर्व्हरवर चालत असेल, तर एका यंत्रावरची कडी दुसऱ्याला दिसत नाही. तिथे कुलूप दोघांच्या सामाईक डेटाबेसमध्ये ठेवावं लागतं.

एकाच यंत्रावरच्या कामासाठी ही व्यवस्था चालते की नाही, हे दहा तारखेआधी पाहून ठेवा. एका टर्मिनलमध्ये `flock -n x.lock sleep 60` चालवा आणि लगेच दुसऱ्यातही तेच. दुसरं ताबडतोब परत येईल आणि `echo $?` विचारल्यावर 1 सांगेल. मग पहिलं `Ctrl-C` नं थांबवून दुसऱ्यात पुन्हा चालवा. या वेळी ते साठ सेकंद थांबून राहील, आणि `x.lock` जागच्या जागी असेल.