पैसे गेले की नाही? टाइमआउटची चाचणी कशी आखावी

एखाद्या मासिकाची वार्षिक वर्गणी ७५० रुपये आहे आणि वर्गणीदाराने ऑटोपेला संमती दिलेली आहे. ठरलेल्या दिवशी मासिकाचा सर्व्हर पेमेंट गेटवेला विनंती पाठवतो, गेटवे ती बँकेपर्यंत नेतो आणि बँकेचं उत्तर त्याच वाटेने परत येतं. उत्तराची वाट किती पाहायची हे सर्व्हरला आधीच सांगून ठेवलेलं असतं. समजा, ती मुदत १० सेकंदांची आहे. तेवढ्यात काहीच आलं नाही तर सर्व्हर वाट पाहणं सोडतो. यालाच टाइमआउट म्हणतात.

या घडीला सर्व्हरला एवढंच ठाऊक असतं की उत्तर आलेलं नाही. पैसे कापले गेले का, हे त्याला माहीत नसतं. तरीही अनेक ठिकाणी टाइमआउट झाला की ‘व्यवहार फसला’ अशी नोंद होते आणि तीच विनंती नव्याने पाठवली जाते. वर्गणीदाराच्या खात्यातून दोनदा ७५० रुपये जातात ते इथे. म्हणून गेटवे जोडताना टेस्ट प्लॅनची आखणी एका प्रश्नाभोवती करावी : संपर्क नेमका कुठे तुटला?

तुटण्याच्या तीन जागा

पहिली जागा जाण्याच्या वाटेवर. विनंती गेटवेपर्यंत पोचलीच नाही, पैसेही हलले नाहीत. इथे पुन्हा पाठवणं योग्यच आहे. दुसरी जागा परतीच्या वाटेवर. पैसे कापले गेले, पण उत्तर हरवलं. तिसरी जागा आपल्याच घरात. उत्तर आलं, पण डेटाबेसमध्ये नोंद होण्याआधी सर्व्हर बंद पडला. पहिल्या दोन जागा सर्व्हरला बाहेरून अगदी सारख्या दिसतात, आणि सगळी अडचण त्यातून उभी राहते.

गेटवे कंपन्या सरावासाठी जी चाचणी व्यवस्था देतात, तिच्यात ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’ ही उत्तरं सहज मिळतात. ‘पैसे कापले, पण उत्तर गिळलं’ ही परिस्थिती तिथे हवी तेव्हा क्वचितच घडवता येते. ती टेस्टरला स्वतः तयार करावी लागते. त्यासाठी एक नकली गेटवे लिहितात. तो विनंती घेतो, आपल्या वहीत ७५० रुपये जमा दाखवतो आणि उत्तर अडवून धरतो. तिसऱ्या जागेसाठी उत्तर येताक्षणी सर्व्हरची प्रक्रिया मुद्दाम मारून टाकतात आणि ती पुन्हा सुरू करून पाहतात.

एका विनंतीची एकच किल्ली

पुन्हा पाठवलेली विनंती नवी नाही हे गेटवेला कळावं, म्हणून तिच्यासोबत एक किल्ली जाते. स्ट्राइपसारख्या गेटवेमध्ये ती अशी दिसते :

```
Idempotency-Key: varganee-4821-2025-1
```

तीच किल्ली पुन्हा आली तर गेटवे नव्याने पैसे कापत नाही, आधीचंच उत्तर परत देतो. ही किल्ली विनंती पाठवण्याआधी डेटाबेसमध्ये लिहून ठेवायला हवी. प्रत्येक प्रयत्नाला सर्व्हर नवी किल्ली बनवत असेल, तर किल्ली असूनही तिचा उपयोग शून्य. ही चूक वरवर दिसत नाही. नकली गेटवेकडे आलेल्या विनंत्यांच्या किल्ल्या शेजारी शेजारी ठेवल्या की लगेच सापडते.

आता एक प्रसंग सेकंदांनिशी पाहू. गेटवेला काम संपवायला १४ सेकंद लागतील असं ठेवा. दहाव्या सेकंदाला सर्व्हरचा टाइमआउट होतो. दोन सेकंद थांबून, बाराव्या सेकंदाला, तो त्याच किल्लीने पुन्हा विचारतो. पहिलं काम अजून चालूच आहे, त्यामुळे गेटवे ४०९ हा क्रमांक पाठवतो, म्हणजे ‘ही विनंती आधीच हाती आहे’. हा नकार वाचून सर्व्हरने व्यवहार फसल्याची नोंद केली, तर चाचणी नापास. त्याने चार सेकंद थांबून सोळाव्या सेकंदाला त्याच किल्लीने विचारलं, तर चौदाव्या सेकंदाला तयार झालेलं उत्तर त्याच्या हाती पडतं. शेवटी गेटवेच्या वहीत एक जमा, मासिकाच्या डेटाबेसमध्ये एक वर्गणी आणि वर्गणीदाराला एक संदेश, हे तिन्ही जुळले तरच चाचणी पास.

किल्लीला मर्यादाही आहेत. स्ट्राइप ती किमान २४ तास जपतं. त्यानंतर ती पुसली गेली असेल, तर तीच विनंती नवी समजली जाते. म्हणून रात्रीचं काम दोन दिवसांनी अडकलेले व्यवहार उपसतं, तेव्हा त्याने आधी व्यवहाराची स्थिती विचारली पाहिजे आणि मगच पुढचं पाऊल टाकलं पाहिजे. दुसरं असं, की खात्यात शिल्लक नसल्याने व्यवहार खरोखर नाकारला गेला असेल, तर जुनी किल्ली जुनाच नकार परत देईल. तिथे शेवटचा आकडा बदलून नवी किल्ली लागते. या दोन्हींची चाचणी वेगवेगळी हवी.

माणसाने केलेला दुसरा प्रयत्न

किल्ली यंत्राची पुनरावृत्ती ओळखते, माणसाची नाही. टाइमआउटनंतर ‘वर्गणी भरली गेली नाही’ असा संदेश गेला की वर्गणीदार यूपीआयने स्वतः ७५० रुपये भरतो. तासाभराने ऑटोपेही यशस्वी झाल्याचं कळतं. दोन्ही व्यवहार बँकेच्या दृष्टीने वैध असतात. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती आहेत. ऑनलाइन खरेदीत पैसे कापले, पण विक्रेत्याकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यावेत आणि पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी. पण इथे दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत. जास्तीचे पैसे मासिकानेच परत करायचे असतात.

म्हणून टेस्ट प्लॅनमध्ये असं तपासावं की निकाल कळेपर्यंत वर्गणीदाराला ‘तपासणी सुरू आहे’ एवढंच दिसतं आणि पैसे भरण्याची दुसरी लिंक बंद राहते. तरीही दोन जमा आल्याच, तर त्या एकाच वर्गणीखाली दिसतात का आणि नंतरच्या जमेचा रिफंड निघतो का, हे पाहावं. रिफंडच्या विनंतीलाही टाइमआउट देऊन पाहावा. तिला स्वतःची किल्ली नसेल, तर मासिक दोनदा पैसे परत करून बसेल.

उशिरा येणारी बातमी वेबहुकने येते. गेटवे स्वतःहून सर्व्हरला कळवतो आणि पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा कळवत राहतो. तोच वेबहुक दोनदा पाठवा, नंतरचा आधी पाठवा आणि एक पूर्णपणे गाळून टाका. पहिल्या प्रसंगात अंक दोनदा रवाना होता कामा नये. दुसऱ्यात ‘भरली’ ही नोंद मागे जाऊन ‘प्रलंबित’ होता कामा नये. तिसऱ्यात रोजच्या ताळेबंदाने ती तफावत पकडली पाहिजे.

अशा प्रत्येक प्रसंगापुढे ‘अपेक्षित निकाल’ या रकान्यात पडद्यावरचा संदेश लिहिणं पुरेसं नाही. तिथे रक्कम लिहावी : वर्गणीदाराच्या खात्यातून किती गेले, गेटवेच्या वहीत किती आले आणि मासिकाने किती नोंदले. हे तीन आकडे जिथे लिहिता येत नाहीत, तिथे पडद्यावर ‘यशस्वी’ दिसलं तरी ती चाचणी अजून पुरी झालेली नाही.