संबंधितांशी व्यवहार: मंजुरी कोणाची, मत कोणाचे?

कंपनी कायदा, 2013 च्या कलम 188 नुसार संचालक, त्यांचे नातेवाईक किंवा त्यांच्या भागीदारी संस्थांशी कंपनीने करार करण्यापूर्वी संचालक मंडळाच्या बैठकीत मंजुरी घ्यावी लागते. हितसंबंध असलेल्या संचालकाने त्या चर्चेला हजर राहायचे नसते. नेहमीच्या कामकाजातला आणि त्रयस्थाशी झाला असता तशाच अटींवरचा व्यवहार या कलमातून वगळला आहे.

समजा, 200 कोटी रुपये उलाढालीची एक सार्वजनिक कंपनी संचालकाच्या पत्नीच्या भागीदारी संस्थेकडून चढ्या दराने 25 कोटींचा माल घेणार आहे. मालखरेदीची मर्यादा उलाढालीच्या 10 टक्के, म्हणजे 20 कोटी. ती ओलांडल्यामुळे भागधारकांचा साधा ठरावही आधीच लागतो.

त्या संचालकाकडे 60 टक्के शेअर असतील, तर त्याच्या एकट्याच्या मताने ठराव संमत होईल. जादा दराचा पूर्ण लाभ त्याच्या घरी जाईल, तोट्याचा 40 टक्के भार मात्र इतरांवर पडेल. म्हणून त्याला मत देता येत नाही. निर्णय उरलेल्या भागधारकांच्या बहुमताने होतो. खासगी कंपन्यांना सामान्यतः या मतबंदीतून सूट आहे.

मंजुरीविना केलेल्या कराराला तीन महिन्यांत मान्यता न मिळाल्यास तो रद्द करता येतो आणि नुकसानभरपाईही मागता येते.