केसांआड लपविलेले श्रवणयंत्र

विद्यार्थ्यास श्रवणयंत्र मिळाले म्हणजे त्याचा ऐकण्याचा प्रश्न सुटला, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. चष्मा लावताच अक्षरे स्वच्छ दिसू लागतात, तसेच यंत्र लावताच शब्द स्वच्छ ऐकू येत असतील, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक यंत्र आवाज मोठा करते. शिक्षकांचा आवाज मोठा करते, त्याबरोबर पंख्याची घरघर आणि बाके सरकविण्याचा आवाजही मोठा करते. त्यातून शब्द वेचण्याचे काम मुलाला स्वतःच करावे लागते. त्यात मुलाने यंत्रच लपवावयाचे ठरविले, तर हे काम किती अवघड होते आणि ते शिक्षकांच्या ध्यानी का येत नाही, याचा विचार एका उदाहरणावरून करू.

सातवीतील एका मुलीचे हे उदाहरण आहे. सोयीसाठी तिला सुमन म्हणू आणि तिच्या मैत्रिणीला शालू. सुमनच्या दोन्ही कानांना लहानपणापासून कमी ऐकू येत असे. परंतु ते उशिरा ध्यानात आले. पहिलीचे वर्ष 'मंद मुलगी' या शेऱ्याखाली वाया गेले, आणि पुढे तपासणी होऊन तिला कानामागे बसणारी दोन यंत्रे मिळाली. गावच्या शाळेत मुले तिला 'बहिरी' म्हणूनच हाक मारीत. पाचवीनंतर ती शेजारच्या मोठ्या गावातील शाळेत आली, तेव्हा तिला कोणी ओळखत नव्हते. वडिलांनी प्रवेशाच्या वेळी यंत्राविषयी काही सांगितले नाही. सुमननेही मनाशी निश्चय केला की, येथे हे नाव आपल्यामागे लागू द्यावयाचे नाही.

शाळेचा नियम दोन वेण्यांचा. सुमनचे केस कमरेपर्यंत लांब. ती भरपूर खोबरेल लावून केस कानांवरून खाली ओढून घेई आणि मानेजवळून वेण्या घाली. बाईंनी दोनतीनदा तिला "वेणी नीट वर घालून ये" असे बजावले. तिने मान डोलविली आणि दुसऱ्या दिवशी तीच वेणी घालून ती आली. शनिवारी कवायतीच्या दिवशी ती बहुधा गैरहजर असे. श्रुतलेखनात 'खाट'चे 'काट' होई, 'फळ'चे 'पळ' होई, आणि वहीवर 'लक्ष नाही' असा शेरा पडे. या चारही गोष्टी बाईंना दिसत होत्या; पण त्या एका सूत्रात ओवल्या गेल्या नव्हत्या.

केसांखाली यंत्राचे नेमके काय होते, हे येथे समजून घेतले पाहिजे. कानामागील यंत्राच्या वरच्या बाजूस एकदोन बारीक छिद्रे असतात. त्यांच्या आत आवाज टिपणारा मायक्रोफोन असतो. तेथून मोठा झालेला आवाज एका पारदर्शक नळीने कानाच्या मापाने केलेल्या साच्यात आणि साच्यातून कानात जातो. मोकळे, कोरडे केस यंत्रावर आले म्हणून फारसे बिघडत नाही. परंतु दाट केस यंत्रावर घट्ट दाबून बसविले, तर मान हलताच केस त्या छिद्रांवर घासतात आणि तो खसखस आवाज मोठा होऊन कानात जातो. तेल आणि घाम छिद्रांत शिरला म्हणजे ती हळूहळू बुजू लागतात. आधी जातात ते बारीक, उंच स्वराचे आवाज. स, श यांसारखी अक्षरे आणि ख, थ, फ यांतील श्वासाचा झोत हे मुळातच क्षीण असतात; ते गेले की 'खाट' आणि 'काट' कानाला एकच वाटतात. आ, ओ यांसारखे स्वर मात्र जोरदार असल्यामुळे ऐकू येत राहतात. त्यामुळे हाक मारली की मुलगी वळून पाहते, आणि 'हिला ऐकू तर येते' असा आपला ग्रह होतो. ओठांकडे पाहूनही सर्व भागत नाही. 'पान', 'बाण' आणि 'मान' हे शब्द ओठांवर सारखेच दिसतात.

दुसरी अडचण सेलची. या प्रकारच्या यंत्रांतील लहान गोल सेल वापराप्रमाणे साधारण एक ते दोन आठवडे टिकतो आणि संपतो तेव्हा अवचित संपतो. तो बदलावयाचा तर यंत्र कानावरून काढावे लागते. सुमन ते वर्गात कसे करणार? सकाळी अकरा वाजता सेल संपला, तर शाळा सुटेपर्यंत ती तशीच बसे. बंद पडलेल्या यंत्राचा साचा कानात बुचासारखा बसतो. म्हणजे त्या दिवशी तिला यंत्र नसते तर जितके ऐकू आले असते, त्याहूनही कमी ऐकू येई. शेजारणीच्या वहीत पाहणे आणि बाई हसल्या की हसणे, एवढेच तिच्या हाती उरे.

शालूला हे कळले ते शिळेमुळे. मधल्या सुट्टीत एक गुपित सांगण्यासाठी तिने सुमनच्या कानाशी तोंड नेले, तोच तिला बारीक शीळ ऐकू आली. तोंड मागे घेताच शीळ थांबली. "अगं, तुझ्या कानात काय वाजतंय?" तिने विचारले. सुमन गोरीमोरी झाली. तिने वेणी पुढे ओढली आणि काही न बोलता उठून गेली. शालूने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "माझ्या आजोबांकडेपण आहे तसलं. ते तर लावायलाच विसरतात." त्या दिवशी नदीच्या वाटेवर सुमनने केस बाजूला करून तिला यंत्र दाखविले.

ही शीळ म्हणजे यंत्राचा बिघडलेला स्वभाव नव्हे. साच्याच्या कडेने निसटलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि असा फेरा चालू राहिला म्हणजे शीळ वाजते. हात, टोपी किंवा केसांचा जाड थर यंत्रावर आला की निसटलेला आवाज परत आत ढकलला जातो. सुमनने यंत्र झाकण्यासाठी जे केले, त्यानेच ते उघडकीस आले. केस दूर केल्यावरही शीळ चालू राहिली, तर साचा सैल झाला आहे, नीट बसलेला नाही किंवा कानात मळ साचला आहे, असे समजावे. वाढत्या वयात कानाचा आकार बदलतो व साचा पुन्हा करून घ्यावा लागतो. शीळ थांबविण्यासाठी यंत्राचा आवाज कमी करणे हा उपाय नव्हे. त्याने शिळेबरोबर शिक्षकांचे शब्दही जातात.

पुढे शालू पुढच्या बाकावर सुमनशेजारी बसू लागली आणि धड्याचा पृष्ठक्रमांक बोटाने दाखवू लागली. पंधरवड्याने बाईंच्या हे लक्षात आले व त्यांनी शालूला एकटीला विचारले. ती म्हणाली, "ते तिचं ती सांगेल, बाई." बाईंनी तिला अधिक छेडले नाही. तेथे त्यांनी वर्गात सुमनचे केस वर करविले असते, तर मुलीची शाळा त्याच दिवशी सुटण्याचा संभव होता. त्यांनी शनिवारची गैरहजेरी, वेणी आणि श्रुतलेखनाची वही यांचा एकत्र विचार केला, आणि शाळा सुटल्यावर सुमन व तिची आई यांच्याशी बोलणे केले. सुमनने एकच अट घातली, "वर्गात सांगायचं नाही." बाईंनी ती मान्य केली आणि शेवटपर्यंत पाळली.

जे ठरले ते अगदी साधे होते. तेल रात्री लावावे. सकाळी कान व कानामागचा भाग कोरडा पुसून, वेणी घालून झाल्यावर सर्वांत शेवटी यंत्र चढवावे. वेणी कानामागून सुरू करावी आणि हवी तर केसांची एक पातळ बट यंत्रावर सोडावी. छिद्रे मोकळी राहिली म्हणजे पुरे. दप्तरात एक जादा सेल असावा, आणि हात वर न करता पाणी पिण्यास जाण्याची मुभा असावी, म्हणजे सेल बाहेर बदलता येईल. बाईंनी स्वतःची उभे राहण्याची जागाही बदलली. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तोंडून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणजे १ मीटरवरून ४ मीटरवर गेले की १२ डेसिबलची घट होते. वर्गाच्या भिंतींमुळे हा हिशेब थोडा बदलतो. परंतु पंख्याचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. श्रुतलेखन फळ्याकडे तोंड करून न सांगता सुमनच्या बाकाजवळ उभे राहून सांगावयाचे, एवढ्याने पुष्कळ फरक पडला.

यंत्र चालू आहे की नाही, हे पाहण्याचे काम शालूने आपणहून घेतले. त्यासाठी डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी सहा ध्वनींची परीक्षा आहे. आ, ऊ, ई, म, श, स हे ध्वनी नेहमीच्या आवाजात, क्रम बदलून, मध्ये कमीअधिक वेळ थांबून उच्चारावयाचे. ऐकणाराने प्रत्येक ध्वनी परत म्हणावयाचा. ओठ दिसू नयेत म्हणून पाठीमागे उभे राहावे. प्रथम एक पाऊल अंतरावरून आणि नंतर तीनचार पावलांवरून ही परीक्षा घ्यावी. दोघी हा खेळ प्रार्थनेपूर्वी व्हरांड्यात खेळत. एके दिवशी 'स' आणि 'श' गेले, तेव्हा नळीत घामाचा थेंब अडकलेला सापडला. ज्यांचे श्रवण फार कमी असते, त्यांना यंत्र लावूनही 'स' कधीच ऐकू येत नाही, असेही असू शकते. म्हणून आजचे उत्तर त्याच मुलाच्या कालच्या उत्तराशी ताडून पाहावे, दुसऱ्या मुलाशी नव्हे. फरक पडला व तो सेल बदलून, पुसून गेला नाही, तर गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना कळवावे. यंत्र शाळेत उघडू नये.

सुमनच्या श्रुतलेखनातील सर्व चुका गेल्या नाहीत. 'ख' आणि 'क' यांचा घोटाळा आजही होतो, आणि गलका असला की तिला दोनदा सांगावे लागते. मात्र वहीवरचा 'लक्ष नाही' हा शेरा बंद झाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका शनिवारी ती कवायतीला आली. वेण्या वर बांधलेल्या होत्या. रांगेतील एका मुलाने विचारले, "ते काय आहे गं?" सुमन म्हणाली, "मशीन. ऐकायला." आणि बाईंनी पुढची आज्ञा दिली.