बेडला बाक आहे का?

थ्रीडी प्रिंटरवर पहिला थर कोपऱ्यांत छान चिकटतो आणि मध्यभागी सुटतो, तेव्हा बरेच जण पुन्हा पुन्हा कोपऱ्यांचे स्क्रू फिरवत बसतात. पण स्क्रूंनी बेडची पातळी बदलते, पत्र्याचा बाक जात नाही. आधी तो बाक मोजायला हवा.

त्यासाठी स्टीलची जाड, सरळ धारेची पट्टी आणि फीलर गेज लागतो. पट्टी आधी आरशावर उभी धरून तिचीच धार तपासा. मग बेड 60 अंशांवर तापवून पंधरा मिनिटे थांबा, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम प्रसरण पावते आणि चार कोपऱ्यांत जखडलेला पत्रा आणखी वाकू शकतो. थंड बेडचे माप म्हणूनच फसवे असते. पट्टी दोन्ही कर्णांवर आणि मधोमध आडवी-उभी ठेवून मागून टॉर्च धरा. मध्ये उजेड दिसला तर बेड खोलगट आहे. पट्टी मध्यावर डुगडुगली आणि टोकांशी फट दिसली तर तो फुगीर आहे. फटीत गेजची जी सर्वांत जाड पाती सहज सरकते, तेवढा बाक.

समजा 235 मिलिमीटरच्या बेडवर कर्णाच्या मध्यावर 0.25 मिलिमीटरची पाती गेली. पहिला थर 0.2 चा आणि नोझल कोपऱ्यांवर जुळवलेले असेल, तर मध्यभागी नोझल बेडपासून 0.45 वर राहते. प्लास्टिक चिकटणार कसे? आता कोपऱ्यांचे स्क्रू सैल करून पुन्हा मोजा. फट 0.1 वर आली, तर दोष ओढून आवळलेल्या स्क्रूंचा होता; ते हलकेच आवळले की काम भागते.

फट तशीच राहिली तर काच घ्यावी. 3 ते 4 मिलिमीटरची फ्लोट काच खोलगट बेडवर कडांच्या आधाराने सपाट बसते. मात्र खाली हवेची पोकळी राहते, त्यामुळे पृष्ठभाग सेट केलेल्या तापमानापेक्षा थंड राहतो. थोडे जास्त तापवावे लागते. 4 मिलिमीटरची काच अर्ध्या किलोहून जड होते, म्हणून पुढे-मागे धावणाऱ्या बेडचा वेग कमी करावा. आणि झेड अक्षाचा एंडस्टॉप काचेच्या जाडीइतका वर घेतल्याशिवाय प्रिंटर मुळीच सुरू करू नये, नोझल थेट काचेवर आदळेल. धातू ओळखणारा सेन्सर काचेतून बेड ओळखेलच असे नाही, तेही तपासावे.

फुगीर बेडवर काच हा उपाय मला पटत नाही. ती मधल्या उंचवट्यावर डुगडुगते आणि क्लिपा लावून कोपरे दाबले की पातळ काच स्वतःच वाकते. असा बेड, किंवा सैल करूनही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बाक ठेवणारा बेड, सरळ बदलावा. नवा घेताना शक्य असेल तर ओतीव, मशीन केलेली ॲल्युमिनियम प्लेट निवडा. लाटलेल्या पत्र्यातला ताण तापल्यावर मोकळा होऊन तो वाकू शकतो. जुना बेड काढलात की खालच्या आधारपट्टीवरही तीच पट्टी ठेवून पाहा. ती पिळलेली असेल, तर नव्या बेडचे स्क्रू आवळताच तोही पिळेल.