‘दररोज’ची हूल

रशियनमध्ये नुसतं ‘जाणं’ नाही. पायी की वाहनानं, हे आधी ठरवायचं. पायी असेल तर पुन्हा दोन क्रियापदं समोर येतात. ‘इत्ती’ म्हणजे एका दिशेनं चाललेलं जाणं आणि ‘खदीत’ म्हणजे नेहमीचं जाणं-येणं. वाहनासाठी हीच जोडी ‘येखत’ आणि ‘येझ्दित’ अशी आहे. ‘या इदू व श्कोलू’ म्हणणारा मुलगा आत्ता शाळेच्या वाटेवर असतो. ‘या खझू व श्कोलू’ म्हणणारा घरात लोळत असला तरी चालतं, त्याचं नाव शाळेत असलं म्हणजे झालं.

इथवर सोपं वाटतं. मग विद्यार्थी स्वतःपुरता एक नियम पाठ करतो, की वाक्यात ‘दररोज’ दिसलं की खदीत. स्वाध्याय रचणाऱ्यांना ही खोड पक्की ठाऊक असते. ते असा उतारा देतात: ‘दररोज सकाळी आठला मी घरातून निघतो, मेट्रोपर्यंत पायी ___, मग तीन स्टेशनं मेट्रोनं ___.’ इथे खझू आणि येझ्झू लिहिलं की चूक. बरोबर उत्तरं इदू आणि येदू. गोष्ट रोजचीच आहे, पण सांगितली जातेय ती फक्त जातानाची वाट, टप्प्याटप्प्यानं. कागदावर एकाच दिशेचा बाण काढता येत असेल तर इत्ती. ‘मी दररोज ऑफिसला जातो’ एवढंच म्हटलं, तर त्यात परत येणं गृहीत असतं, तिथे येझ्झू.

खरी गंमत त्याच उताऱ्यातल्या ‘निघतो’ची. तिथे ‘विखझू’ येतं, म्हणजे खदीतच्या घराण्यातलं रूप! ‘वि’ हा उपसर्ग ‘आतून बाहेर’ असं सांगतो. उपसर्ग लागला की दिशा तोच सांभाळतो आणि जोडीची वाटणी बदलते. इत्तीकडून झालेलं रूप पुरी झालेली क्रिया दाखवतं, खदीतकडचं रूप चालू असलेली किंवा वारंवार होणारी. म्हणून रोज घडणाऱ्या ‘निघण्या’ला विखझू. उपसर्गांचे तक्ते घोकण्याआधी ही वाटणी डोक्यात बसलेली बरी, असं माझं मत आहे.

भूतकाळात याचा आणखी एक पदर उलगडतो. ‘प्रि’ म्हणजे येऊन पोचणं. ‘सस्येद प्रिशोल’ म्हटलं, तर शेजारी आलाय आणि सहसा अजून इथेच आहे. ‘सस्येद प्रिखदील’ म्हणजे बहुधा तो येऊन गेला. मराठीत त्यासाठी दोन क्रियापदं जोडावी लागतात, तिथे रशियन एका रूपात भागवते. म्हणून ‘डॉक्टर ___ आणि आता रुग्णाला तपासताहेत’ या रिकाम्या जागेत प्रिखदील लिहिलं, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना आपण आधीच घरी पाठवलेलं असतं.