मुलीचं खातं मिटवण्याआधी

मुलासाठी गूगल खातं उघडताना पालक आपल्या फोनवर ‘फॅमिली लिंक’ घेतात आणि पुढे कंटाळा आला की तेच अ‍ॅप काढून टाकतात. त्याने काहीच मिटत नाही, कारण देखरेख मुलाच्या खात्याला जोडलेली असते, तुमच्या फोनमधल्या अ‍ॅपला नाही. १३ वर्षांखालच्या मुलाची देखरेख नुसती बंद करून खातं मोकळं सोडायची सोयही नाही. ते नकोच असेल, तर खातं मिटवावं लागतं.

समजा, नऊ वर्षांच्या मुलीची दोन खाती झाली आहेत. पहिलं आजीच्या जुन्या फोनवर काढलेलं, ज्याचा पासवर्ड आता घरात कुणालाच आठवत नाही. बंद करायचंय ते हे. पासवर्डची काळजी नको. फॅमिली लिंकमधून पालकाला तो बदलता येतो. नव्या पासवर्डने takeout.google.com वर जाऊन आधी फोटो उतरवून घ्या. स्नेहसंमेलनातल्या नाचाचे व्हिडिओ बहुतेक वेळा त्याच खात्यात अडकलेले असतात, आणि खात्याबरोबर मेल, फोटो, विकत घेतलेले गेम असं सगळंच जातं.

त्यानंतर आजीच्या फोनच्या सेटिंग्जमधून ते खातं काढा. फोन पालकाची परवानगी मागेल. ही पायरी गाळली आणि नंतर कुणी फोन रीसेट केला, तर तो आधीचंच खातं मागून अडून बसू शकतो. एवढं झालं की फॅमिली लिंकमध्ये मुलीच्या नावावर जाऊन तिच्या खात्याच्या सेटिंग्जमधला Delete account हा पर्याय निवडायचा. नाव नीट वाचा. दोन्ही खात्यांना मुलीचं एकच नाव असेल, तर ईमेल पत्ता पाहूनच पुढे जा.

पण पुष्कळांना खरं तर खातं नको नसतं, त्यातला इतिहास नको असतो. त्यासाठी मुलीच्या लॉगिनने myactivity.google.com उघडून Delete मध्ये All time निवडलं की पुरे. इथे एक गफलत हमखास होते. इतिहास नोंदवणं बंद केलं की पुढची नोंद थांबते, मागची तशीच राहते. यूट्यूब किड्सचा इतिहास त्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमधून वेगळा पुसावा लागतो.

पुसलेलं लगेच नाहीसं होतं असंही नाही. गूगलच्याच सांगण्यानुसार त्यांच्या यंत्रणेतून माहिती निघायला साधारण २ महिने लागतात, आणि बॅकअपच्या प्रती ६ महिन्यांपर्यंत राहू शकतात. आणि गूगलच्या लॉगिनने मुलीने दुसऱ्या कंपनीच्या गेममध्ये खातं उघडलं असेल, तर तिथली माहिती यातून पुसली जात नाही. त्या कंपनीला वेगळं कळवावं लागतं, आणि खात्रीचा मेल बहुधा त्याच जुन्या जीमेलवर येतो. मिटवलेला जीमेल पत्ता पुन्हा कुणालाच मिळत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून ही पत्रापत्री Delete account दाबायच्या आधी उरकून घ्या.